जोत्यापासून रंगापर्यंत: घर बांधताना पैसे टप्प्याटप्प्यांत कसे वाटायचे

मुंबईच्या कुठल्याही गावठाणात वा कोळीवाड्यात हिंडा, दोन-चार गल्ल्यांमागे एक तरी असं घर दिसतंच. खाली माणसं राहतात, वर स्लॅब पडलेला आहे, विटकाम उघडंच आहे, खिडक्यांच्या जागी निळी ताडपत्री आणि कॉलमच्या डोक्यावर गंजलेल्या सळया. विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘पैसे संपले हो.’ मी गेली वीस वर्षं उपनगरांत साइटवर बिलं तपासतो. अशा चार-पाच घरांचे कागद जवळून पाहिले. पैसे संपले हे खरंच होतं. पण संपले ते शेवटी नव्हे. पाया आणि पहिला स्लॅब होईपर्यंत ज्या प्रमाणात जायला हवे होते त्याच्या दीडपट गेले, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तोवर काम जोरात चालू होतं.

म्हणून बोरिवलीच्या एक्सर गावात मामांचं जुनं कौलारू घर पाडून तळमजला अधिक एक असं बांधायचं ठरलं, तेव्हा नकाशाच्या आधी आम्ही पैशांचा कागद केला. तोच कागद इथे उलगडून सांगतो. दर मामांच्या घराचे आणि त्या वेळचे आहेत. तुमच्या गल्लीत ते वेगळे निघतील, पण टक्केवारी आणि हिशेबाची रीत फारशी बदलत नाही.

मामांच्या हातात ३६ लाख होते. निवृत्तीचे पैसे आणि जुन्या ठेवी. प्रॉपर्टी कार्डावर चुलत्यांची मिळून सात नावं, त्यामुळे बँकेच्या कर्जाचा विचार आधीच सुटला होता. घर प्रत्येक मजल्याला ६०० चौरस फूट, म्हणजे एकूण १,२०० बिल्टअप.

बहुतेक लोक इथे ३६ लाखांना १,२०० ने भागतात, तीन हजारांचा दर काढतात आणि ठेकेदार अडीच हजार म्हणाला की खूश होतात. आम्ही आधी त्या ३६ लाखांतून बांधकामाबाहेरचे पैसे काढले. दहा महिने भाड्याच्या खोलीत राहायचे १ लाख २० हजार, आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरचे ७० हजार, जुनं घर पाडून डेब्रिज उचलायचे ५० हजार. झाले २ लाख ४० हजार. यातलं काहीही ठेकेदाराच्या दरात नसतं आणि यातलं काहीही टळत नाही. मग ३ लाख ६० हजार राखीव म्हणून बाजूला केले. उरले बरोबर ३० लाख. घर या ३० लाखांत बसवायचं होतं. मामांना पहिल्यांदा ते पटेना. ‘अरे, पैसे हातात असताना तू मला गरीब का करतोस?’ म्हणाले. पण नकाशा ३० लाखांचाच झाला, आणि पुढच्या सगळ्या गोष्टी त्यामुळेच जमल्या.

आता या ३० लाखांचे दोन मोठे भाग. स्ट्रक्चर, ज्याला साइटवर सिव्हिलचं काम म्हणतात, त्यात पाया, कॉलम-बीम-स्लॅब, विटकाम आणि प्लास्टर येतं. त्यानंतरचं सगळं फिनिशिंग. साध्या दोन मजली घरात स्ट्रक्चर साधारण ५५ टक्के आणि फिनिशिंग ४५ टक्के धरावं. कुणी प्लास्टर फिनिशिंगमध्ये धरतं, मग आकडे पन्नास-पन्नासच्या जवळ जातात, म्हणून दोन माणसांच्या एस्टिमेटची तुलना करताना प्लास्टर कुठे धरलंय हे आधी विचारायचं. आमच्या कागदावर जोत्यापर्यंतचं काम १२ टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजार. दोन्ही स्लॅब, कॉलम आणि जिना २८ टक्के, म्हणजे ८ लाख ४० हजार. विटकाम-प्लास्टर १५ टक्के, साडेचार लाख. एकूण स्ट्रक्चर साडेसोळा लाख. उरलेले साडेतेरा लाख फिनिशिंगचे: प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंगला ३ लाख, दारं-खिडक्या-ग्रिलला ३ लाख, लाद्या-टाइल्स आणि ओट्याला ३ लाख ३० हजार, वायरिंगला १ लाख ८० हजार, रंगाला दीड लाख, आणि टाकी, गेट, जिन्याचं रेलिंग अशा सुट्या गोष्टींना ९० हजार.

या वाटणीत लोकांची फसगत एका जागी होते. दुसरा स्लॅब पडला की घर उभं राहिलेलं दिसतं. नातेवाईक बघायला येतात, पेढे वाटले जातात, आणि घरच्यांना वाटतं की तीन-चतुर्थांश काम झालं. प्रत्यक्षात त्या दिवशी १२ आणि २८ मिळून ४० टक्केच काम झालेलं असतं. डोळ्याला दिसणारं घर आणि पैशातलं घर यांच्यातली ही दरी कागदावर लिहून ठेवली नाही, तर त्या सुमाराला माणूस सैल हाताने खर्च करू लागतो.

म्हणून फिनिशिंगचे साडेतेरा लाख आम्ही पाया खणायच्या आधीच कुलूपबंद केले. मामींच्या नावाने एप्रिलमध्ये मुदत संपणारी ठेव केली. राखीव ३ लाख ६० हजार वेगळ्या बचत खात्यात. मामांच्या रोजच्या खात्यात राहिले फक्त स्ट्रक्चरचे आणि भाड्याबिड्याचे. ठेकेदाराने कितीही गळ घातली तरी मामांना खरोखरच सांगता यायचं की खात्यात तेवढे नाहीत.

ठेकेदाराला साडेसोळा लाखांत मालासकट फक्त स्ट्रक्चर दिलं. चौरस फुटाला १,३७५ दर पडला. कागद करताना दोन गोष्टींवर वेळ घालवला, त्या सांगतो.

पहिली, मोजायचं काय. ‘बिल्टअपवर’ एवढं लिहून भागत नाही. बाल्कनी पूर्ण की अर्धी, खिडकीवरचे छज्जे धरायचे का, गच्चीवरची जिन्याची केबिन मोजायची का, हे जर लिहिलेलं नसेल तर शेवटच्या मेजरमेंटला वाद ठरलेला. मी एका घरी १,२०० चे १,३१० झालेले पाहिले आहेत. त्यात ठेकेदाराने लबाडी केली असंही नाही, त्याच्या समजुतीप्रमाणे छज्जे मोजले जातात. पण ११० फूट गुणिले १,३७५ म्हणजे दीड लाख, आपल्या सगळ्या राखीव रकमेचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग फक्त एका न लिहिलेल्या शब्दापायी. आम्ही नकाशाची झेरॉक्स घेतली, मोजायचा भाग लाल पेन्सिलीने भरला आणि त्यावर दोघांच्या सह्या घेतल्या.

दुसरी, पैसे कधी द्यायचे. ठेकेदाराने मागितलं होतं: करार करताना २५ टक्के, जोत्याला २५, पहिल्या स्लॅबला २५, उरलेले पुढे. ऐकायला सरळ वाटतं. पण हिशेब मांडा. पहिला स्लॅब पडेपर्यंत त्याच्या हातात ७५ टक्के, म्हणजे सुमारे १२ लाख ४० हजार गेलेले असणार. त्या दिवशी झालेलं काम किती? जोत्याचे ३ लाख ६० हजार आणि आरसीसीचं, म्हणजे कॉलम-स्लॅबच्या कामाचं, अर्धं, ४ लाख २० हजार. मिळून ७ लाख ८० हजार. म्हणजे आपले जवळजवळ ४ लाख ६० हजार हवेत. ते पैसे बहुतेक वेळा त्याच्या दुसऱ्या साइटवर खर्च झालेले असतात. तो वाईट माणूस असतो असं नव्हे, या धंद्यात एका साइटचा पैसा दुसरीला लावूनच गाडा चालतो. पण ती दुसरी साइट अडकली की आपली बंद पडते, आणि नवा ठेकेदार आणायला हातात काही उरत नाही. गावठाणातल्या त्या ताडपत्रीच्या घरांपैकी निम्म्यांची गोष्ट हीच आहे.

यावर ओळखायची खूण सोपी. दर पंधरा दिवसांनी दोन आकडे शेजारी लिहायचे: दिलेले पैसे किती टक्के, झालेलं काम किती टक्के. दिलेला आकडा झालेल्याच्या पुढे गेला की पुढचा चेक थांबवायचा. आम्ही एक लाखाचा अॅडव्हान्स दिला, तो पहिल्या बिलांतून वळता केला, आणि पुढे प्रत्येक टप्प्याचं काम झाल्यावर पैसे. शिवाय प्रत्येक बिलातून ५ टक्के मागे ठेवले, एक पावसाळा पाहूनच द्यायचे म्हणून. ठेकेदाराने अर्थातच कुरकूर केली. त्याची खरी अडचण रोकड फिरवायची होती, म्हणून टप्पे आम्ही लहान केले: कॉलमखालचं फुटिंग, जोतं, पहिल्या मजल्याचे कॉलम, स्लॅब असे. बिल मिळालं की तिसऱ्या दिवशी पैसे. एवढ्यावर तो तयार झाला.

ज्यांचं कर्ज आहे त्यांना इथे एक वेगळा पेच पडतो. बँक आधी तुमचा हिस्सा खर्च करायला लावते आणि नंतर टप्पा पूर्ण झाल्यावर, तिचा माणूस साइट पाहून गेल्यावर, पैसे सोडते. ठेकेदार मात्र टप्पा सुरू करतानाच माल भरायला पैसे मागतो. म्हणून एका स्लॅबाएवढी रक्कम, आमच्या उदाहरणात चार-सव्वाचार लाख, फिरती म्हणून हाताशी लागते. ती राखीव रकमेतून घ्यायची नाही.

आता राखीव रकमेकडे येतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिच्याबद्दल आहे. ‘दहा-पंधरा टक्के जास्तीचे ठेवा’ हे सगळेच सांगतात. आम्ही ३० लाखांवर १२ टक्के ठेवले. पण ती रक्कम एकगठ्ठा ठेवली तर पहिल्यांदा जो मागेल त्याची होते. म्हणून तीही टप्प्यांत वाटली. जोत्यापर्यंत दीड लाख, स्लॅब आणि विटकामाला ९० हजार, फिनिशिंगला १ लाख २० हजार. जोत्याचं काम फक्त १२ टक्के असून त्याला राखीवातला सगळ्यात मोठा वाटा, कारण जमिनीखाली काय आहे ते खणल्याशिवाय कळत नाही. वरच्या कामात दर कमीजास्त होतील, चुका होतील, पण काय बांधायचंय ते तरी माहीत असतं. नियम दोनच ठेवले: एका टप्प्यात उरलं ते पुढच्यात जाईल, पण पुढच्या टप्प्याचं मागे ओढायचं नाही. आणि जे आपल्याला आधी कळणं शक्यच नव्हतं, त्यालाच राखीवातून पैसे. आपलं मन बदललं, त्याला नाही.

दिवाळीच्या आधी घर पाडलं आणि खणायला सुरुवात झाली. मागच्या बाजूला, जुन्या स्वयंपाकघराखाली, चार फुटांवर मुकादमाची पहार अचानक आत गेली. वरची माती काढली तर काळा चिखल, त्यात मंगलोरी कौलांचे तुकडे, काचेच्या बाटल्या आणि तो विशिष्ट वास. कुठल्या तरी पिढीत बुजवलेला शोषखड्डा होता. मामांनासुद्धा ठाऊक नव्हता. नेमके दोन कॉलम त्यावर येत होते. इंजिनीअर दुसऱ्या दिवशी येऊन गेले, म्हणाले, सगळा चिखल काढा, टणक मुरूम लागेपर्यंत खाली जा, खाली दगडांचं सोलिंग करून त्यावर पीसीसी, म्हणजे बिनसळईचं काँक्रीट, घाला आणि या दोन फुटिंगना एकच मोठं फुटिंग करू. पंपाने पाणी उपसायला तीन दिवस गेले. चिखल गल्लीतून हातगाडीने बाहेर न्यावा लागला, कारण टेंपो आत येत नव्हता. सगळं मिळून १ लाख १५ हजार जास्तीचे लागले.

हा खर्च ज्यासाठी राखीव असते तो. दीड लाखातून गेला, ३५ हजार उरले, पुढच्या टप्प्यात गेले. मामांची झोप उडाली नाही. हाच खड्डा राखीव नसलेल्या घरात निघतो तेव्हा काय होतं तेही सांगतो: घरमालक म्हणतो, ‘आहे त्यावरच टाका, पूर्वीचं घर उभं होतंच की.’ कौलारू घर उभं होतं, कारण त्याचं वजनच कमी होतं. दोन स्लॅबचं घर त्या जागी एका कोपऱ्यात बसतं, आणि दोन-तीन पावसाळ्यांनी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा निघू लागतात.

जोत्याची उंची हा मुंबईचा खास खर्च. गल्ल्यांचं दर काही वर्षांनी काँक्रिटीकरण होतं आणि गल्ली वर येत जाते, जुनी घरं खाली राहतात. मामांच्या शेजारच्या भिंतीवर २६ जुलै २००५ च्या पुराची खूण अजून आहे. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला होता, आणि एक्सरलाही त्या रात्री घरांत पाणी होतं. आम्ही जोतं त्या खुणेच्या वर घेतलं. गल्लीपासून नेहमीपेक्षा दीड फूट जास्त. ६०० चौरस फुटांत दीड फूट म्हणजे ९०० घनफूट, नऊ ब्रास मुरूम भरायचा आणि थर देऊन धुमसायचा. हे आधीच माहीत होतं, म्हणून ते मूळ एस्टिमेटमध्येच धरलं होतं. जे माहीत आहे ते राखीवावर ढकलायचं नाही. हीच गोष्ट गल्लीतल्या वाहतुकीची. रेती-खडीचा डंपर मोठ्या रस्त्यावर रिकामा होतो आणि तिथून घमेल्या-हातगाडीने माल आत येतो. ठेकेदाराच्या दरात ते आहे का, हे आधी विचारून घ्यावं.

जोतं झालं तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता. इथे थांबून पूर्ण एस्टिमेट पुन्हा मांडलं. असे तीन थांबे ठरवले होते: जोत्याला, दुसऱ्या स्लॅबनंतर आणि प्लास्टर झाल्यावर. थांबायचं म्हणजे काम बंद ठेवायचं नव्हे. एका संध्याकाळी बसून उरलेल्या प्रत्येक कामाचा आजचा दर विचारून बेरीज करायची आणि ती उरलेल्या पैशांशी ताडून पाहायची. जोत्याला बेरीज चुकली तर वरचा मजला लहान करता येतो. प्लास्टरला चुकली तर फक्त रंग आणि टाइल्स उरलेल्या असतात, आणि तिथे कापून फार काही निघत नाही.

सळईच्या दराची लोकांना सगळ्यात जास्त भीती असते. आमच्या घराला एकूण पावणेपाच टनांच्या आसपास सळई लागली, चौरस फुटाला चार किलोच्या हिशेबाने. करारात सळईचा आणि सिमेंटचा मूळ दर लिहिला होता, वाढला तर फरक आपण द्यायचा, उतरला तर ठेकेदाराने सोडायचा. डिसेंबरात सळई किलोमागे पाच रुपयांनी चढली. उरलेल्या चार टनांवर फरक आला २० हजार. जाणवण्यासारखा, पण घर बुडवणारा नाही. सळईची एवढी चिंता करणारा माणूस टाइल्सच्या दुकानात मात्र सहज ६० हजारांनी वर जातो, त्याबद्दल पुढे सांगतो.

स्ट्रक्चरमध्ये पैसे वाचवायचा मोह एकदा झालाच. ठेकेदार म्हणाला, एम-२० प्रतीचं काँक्रीट पुरेल, सगळे तेच करतात. आयएस ४५६ या मानकात किनारी भागात, पण खाऱ्या हवेच्या थेट माऱ्यापासून आडोशाला असलेल्या आरसीसीला किमान एम-२५ सांगितलं आहे, थेट माऱ्यात असलेल्याला एम-३०. सळईवरचं काँक्रीटचं आवरणही वाढतं. एक्सरला खाडी जवळ. या घरात एम-२५ केल्याचा सिमेंटचा जादा खर्च वीस-पंचवीस हजारांच्या आसपास होता. त्याच्या बदल्यात पंधरा वर्षांनी स्लॅबचे पापुद्रे पडून सळया उघड्या होण्याची वेळ पुढे जाते. ही कपात मी होऊ दिली नाही.

जानेवारीच्या सुरुवातीला पहिल्या स्लॅबचं सेंटरिंग झालं होतं, सळया बांधल्या जात होत्या. मामी वर चढून आल्या, सगळीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘अरे, दादाच्या खोलीला स्वतंत्र संडास-बाथरूम हवं होतं बघ. सून आल्यावर सगळ्यांनी एकच कसं वापरायचं?’ मागणी रास्त होती. फक्त चार दिवसांत काँक्रीट पडणार होतं. पूर्ण बाथरूमचा हिशेब केला: १ लाख ६० हजार.

मामा लगेच म्हणाले, राखीव आहे ना. मी नाही म्हणालो, आणि थोडा वेळ घरात शांतता झाली. ही गोष्ट आधी कळू शकत होती, म्हणून राखीवातून नाही. मग काय करायचं? बाथरूमचे दोन भाग पाडले. जे काँक्रीट आणि प्लास्टरखाली झाकलं जाणार ते आत्ता: तेवढ्या भागात स्लॅब खाली घेऊन संकन करायचा, ड्रेनेजचा पाइप भिंतीबाहेर काढून तोंड बंद करायचं, पाण्याची आणि विजेची लाइन आणून ठेवायची. याला ४० हजार. जे नंतर दिसणार, म्हणजे वॉटरप्रूफिंग, टाइल्स, कमोड, नळ, दार, ते पुढे. राहिलेले १ लाख २० हजार तेव्हाचे तेव्हा पाहू. आणि ते ४० हजार आले कुठून? मुख्य दाराला कोरीव सागवान ठरलं होतं, त्याऐवजी विनिअरचं साधं भक्कम दार घेतलं, आणि दिवाणखान्याचं फॉल्स सीलिंग रद्द केलं. मामींनी स्वतःच यादीवर काट मारली.

घर बांधणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो, की काय पुढे ढकलता येतं आणि काय नाही याची यादी स्लॅबच्या आधी करा. वरच्या खोलीच्या लाद्या, आतला रंग, कपाटं, गेट, हे सहा महिन्यांनी केलं तरी घराचं काही बिघडत नाही. पण गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाहेरचं प्लास्टर आणि खिडक्या पावसाच्या आधी झाल्याच पाहिजेत. मुंबईत जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरतो. त्याआधी गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, उतार देऊन, आणि पाणी भरून पाहणं एवढं व्हायला मेचा मध्य गाठावा लागतो. मागे मोजत गेलं की दुसरा स्लॅब फेब्रुवारीत यायला हवा. आमचा फेब्रुवारीच्या मध्याला आला. उघड्या विटकामावर एक पावसाळा गेला तर पुढच्या वर्षी प्लास्टर करताना ओल, शेवाळ आणि क्षारांचे पांढरे डाग घासत बसावं लागतं, आणि भाड्याचं एक वर्ष वाढतं ते वेगळंच. आमच्या दराने तेच १ लाख ४४ हजार.

एप्रिलमध्ये मामींची ठेव मोकळी झाली आणि फिनिशिंग सुरू झालं. इथे पैसे जातात ते थोडेथोडे आणि प्रत्येक वेळी आपल्याच होकाराने. टाइल्सचंच बघा. दोन्ही मजल्यांची जमीन साधारण एक हजार चौरस फूट. दोन बाथरूमच्या भिंती, पाच बाय सातचं बाथरूम, चोवीस फूट घेर, सात फूट उंचीपर्यंत, म्हणजे एकेकीला १६८. ओट्यामागची पट्टी आणि तुटफूट धरून एकूण दीड हजार चौरस फूट. एस्टिमेटमध्ये ६० रुपयांची टाइल धरली होती. दुकानात शेजारीच शंभराची असते, आणि दिव्याखाली ती खरंच सुरेख दिसते. फुटामागे चाळीस रुपये ऐकायला काहीच नाहीत. दीड हजारांनी गुणलं की ६० हजार. नळांच्या बाबतीत, बटणांच्या बाबतीत, खिडक्यांच्या सेक्शनच्या बाबतीत हेच.

म्हणून जोत्याच्याही आधी, एका रविवारी, मामा-मामींना घेऊन दुकानं फिरलो होतो. काही विकत घेतलं नाही. आवडलेल्या मालाचे दर लिहून आणले आणि तेच एस्टिमेटमध्ये घातले. एप्रिलमध्ये दुकानात जाताना खिशात त्या दरांची चिठ्ठी होती. मामींनी दिवाणखान्यात ८५ ची टाइल घेतली आणि वरच्या दोन्ही खोल्यांत ४५ ची. बेरीज तीच राहिली. मला हे फार आवडलं, कारण आवड मारावी लागली नाही, फक्त कुठे खर्च करायची ते ठरवावं लागलं.

फिनिशिंगच्या राखीवाला एकदाच हात लागला. वरच्या बाथरूमच्या कोब्यावर दोन दिवस पाणी भरून ठेवलं होतं, थेंब गळला नाही. मग प्लंबरने पाइपची जागा बदलण्यासाठी नहाणी ट्रॅपच्या बाजूने एक भोक पाडलं आणि वरून सिमेंट चोपडून मोकळा झाला. सुदैवाने टाइल्स लावायच्या आधी मी पुन्हा पाणी भरायला लावलं. दुसऱ्या सकाळी खालच्या स्लॅबला तळहाताएवढा ओला डाग. कोबा फोडून ट्रॅपभोवतीचं वॉटरप्रूफिंग नव्याने केलं, २२ हजार गेले. टाइल्स लागल्यावर कळलं असतं तर त्याच्या तिप्पट गेले असते.

जुलैत रंगाचा शेवटचा हात लागला तेव्हा राखीव खात्याचा हिशेब केला. जोत्याला १ लाख १५ हजार, सळईला २० हजार, बाथरूमला २२ हजार. ३ लाख ६० हजारांतून १ लाख ५७ हजार गेले, २ लाख ३ हजार उरले. मामी काही बोलल्या नाहीत, फक्त दादाच्या खोलीतल्या त्या बंद केलेल्या पाइपाकडे पाहिलं. आता कळू न शकणारं काही उरलं नव्हतं. १ लाख २० हजारांत ते बाथरूम तीन आठवड्यांत पूर्ण झालं, कारण झाकायचं सगळं आधीच झाकलेलं होतं. ८३ हजार खात्यात राहिले.

ऑगस्टच्या शेवटी, चार दिवस सलग कोसळून पाऊस उघडल्यावर, ठेकेदार, मामा आणि मी टॉर्च घेऊन घरभर फिरलो. वरच्या छताचे चारही कोपरे, खिडक्यांच्या खालच्या कडा, जिन्याच्या केबिनचा सांधा. एका खिडकीच्या चौकटीखाली ओल होती. ठेकेदाराने मिस्त्री बोलावून दुपारपर्यंत तो सांधा खरवडून पुन्हा भरून दिला. पुढच्या आठवड्यात परत पाऊस झाला आणि भिंत कोरडी राहिली, तेव्हा मामांनी मागे ठेवलेल्या ५ टक्क्यांचा, ८२ हजार ५०० रुपयांचा चेक लिहून त्याच्या हातात दिला.